कालचे दूध, सोमवारचा आकडा

शनिवारी सकाळी पावणेआठला एका शीतकरण केंद्राच्या प्रमुखांचा फोन आला. त्यांनी नमस्कारही केला नाही.

"मॅडम, तुमच्या त्या स्क्रीनवर माझं कालचं दूध किती दिसतंय?"

मी लॅपटॉप उघडून सांगितलं, "नऊ हजार सहाशे चाळीस लिटर."

"माझ्या रजिस्टरात दहा हजार चारशे चाळीस आहे. आणि नऊ हजार सहाशे चाळीस हा आकडासुद्धा माझाच आहे, पण सोमवारचा. पान उलटून बघितलं मी."

हे प्रकरण त्या फोनपासून सुरू झालेल्या चौकशीचे आहे, आणि त्याहून जास्त ती चौकशी संपल्यावर लिहिलेल्या अहवालाचे. बिघाड सापडायला एक तास लागला आणि दुरुस्तीला त्याहून कमी. अहवाल मात्र मला दोनदा लिहावा लागला. पहिल्यांदा तो मी माझ्यासारख्या लोकांसाठी लिहिला होता. ज्यांना तो वाचून काही ठरवायचे होते, त्यांच्या हाती त्यातून काहीच लागले नाही.

तेव्हा मी एका दूध संघासाठी आकड्यांचे काम पाहत होते. संघाची अकरा शीतकरण केंद्रे होती. गावोगावचे दूध तिथे येते, मोठ्या टाक्यांत थंड होते आणि टँकरने मुख्य डेअरीत जाते. आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची पाळी मिळून एक दिवस धरला जाई. संकलनाचे सॉफ्टवेअर बाहेरच्या एका कंपनीचे होते. रोज रात्री त्यातून अकराही केंद्रांच्या नोंदींची एक फाइल तयार होई. पहाटे अडीचला आमचा प्रोग्रॅम ती फाइल उचले आणि आकडे आमच्या कोठारात भरी. सकाळी आठला वाहतूक विभागातली माणसे डॅशबोर्डवर 'कालचे संकलन' पाहत आणि कुठल्या केंद्राला किती लिटरचा टँकर पाठवायचा ते ठरवत. या केंद्राला नेहमी दहा हजारांचा जाई.

मंगळवारी, ३ डिसेंबरला, त्या कंपनीने आपले सॉफ्टवेअर सुधारले. सुधारणा चांगलीच होती, पण तिच्यासोबत रात्रीच्या फाइलचे नाव बदलले. सोमवारच्या आणि मंगळवारच्या फाइलींची नावे अशी होती:

```
sankalan_20241202.csv
sankalan_2024-12-03.csv
```

तारखेत दोन आडव्या रेघा आल्या, एवढाच फरक. माणसाला दुसरे नाव जास्त सोपे वाटेल. आमच्या प्रोग्रॅमला मात्र तारखेच्या जागी नेमकी आठ अक्षरे असलेलीच फाइल शोधायला सांगितले होते, आणि नव्या नावात ती दहा झाली. बुधवारी पहाटे अडीचला प्रोग्रॅम उठला, फोल्डरमध्ये पाहिले, ओळखीची फाइल दिसली नाही. "जेवढ्या फाइली सापडतील तेवढ्या भर" अशी त्याला आज्ञा होती. सापडल्या शून्य, त्याने भरल्या शून्य. आज्ञा तंतोतंत पाळली गेली, म्हणून त्याने 'यशस्वी' अशी नोंद केली आणि हिरवा दिवा लावून झोपी गेला. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी पहाटेही तेच झाले.

प्रोग्रॅम कोसळला असता तर आम्हाला बुधवारी पहाटे अडीचलाच मोबाईलवर संदेश आला असता. तो कोसळला नाही, म्हणून चार दिवस गेले.

पण मग चार सकाळी ही स्क्रीन पाहणाऱ्या माणसांना काही खटकले कसे नाही? वाहतूक विभागातली माणसे वीस-वीस वर्षे दूध पाहिलेली आहेत. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढते हे त्यांना कोणी सांगायला नको. याचे उत्तर शोधताना मी डॅशबोर्डकडे पहिल्यांदाच त्यांच्या खुर्चीवरून पाहिले, आणि पाहता पाहता शरमले. तो मीच बनवला होता.

वरच्या कोपऱ्यात लिहिलेले होते, 'शेवटचे अद्यतन: आज ०२:३४'. ही वेळ प्रोग्रॅम संपल्याची होती. दूध कुठल्या दिवसाचे, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. वाचणारा मात्र त्यातून एकच अर्थ घेणार, की आकडे आज पहाटेपर्यंतचे आहेत. त्याखाली ठळक अक्षरांत 'कालचे संकलन'. हा 'काल' कॅलेंडरवरून येत नव्हता. कोठारातली सर्वांत अलीकडची तारीख कोणती ते पाहायचे आणि तिला 'काल' म्हणायचे, असे मी दोन वर्षांपूर्वी ठरवले होते. फाइल कधी तासभर उशिरा आली तर चौकट रिकामी दिसू नये, एवढाच तेव्हाचा विचार होता. त्या सोयीमुळे शनिवारच्या सकाळीही सोमवारला 'काल' म्हटले गेले.

तिसरी गोष्ट पटकन लक्षात येणारी नाही. एकूण संकलन आम्ही लाखांत, दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवत होतो: १.८६ लाख लिटर. सोमवारचा खरा आकडा १,८६,४०० होता. एरवीही लागोपाठच्या दोन दिवसांत कधी कधी पाच-सातशे लिटरचाच फरक पडतो, आणि तो या मांडणीत दिसत नाही. १.८६ सलग दोन दिवस दिसणे ही नेहमीची गोष्ट होती, म्हणून चार दिवस दिसल्यावरही कोणी थबकले नाही. पूर्ण आकडा छापला असता तर १,८६,४०० दुसऱ्या सकाळी शेवटच्या लिटरपर्यंत तसाच पाहून कोणाच्या तरी भुवया वर गेल्या असत्या. अकरा केंद्रांचे दूध दोन दिवस अगदी तेवढेच येणे जवळजवळ अशक्यच. केंद्रनिहाय आकडे पूर्ण होते, पण ते एक क्लिक आत होते, आणि आत जाणारा माणूस एका वेळी एकच आकडा पाहून बाहेर येतो. कालचा आकडा त्याच्या डोक्यात राहिलेला नसतो. शेजारची विक्रीची चौकट दुसऱ्या यंत्रणेतून येत होती आणि ती रोज बदलत होती. त्यामुळे सगळी स्क्रीनच चालू असल्यासारखी वाटली.

शनिवारी दुपारी चारपर्यंत नाव ओळखण्याचा नियम दुरुस्त झाला आणि मंगळवार ते शुक्रवारच्या चारही फाइली भरल्या गेल्या. तीन केंद्रांची रजिस्टरे फोनवर वाचून घेऊन आकडे जुळवले. आता अहवाल लिहायचा होता.

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: 'सोर्स फाइलच्या नेमिंग पॅटर्नमध्ये बदल झाल्याने इन्जेशन जॉबने शून्य रेकॉर्ड लोड केले, एक्झिट कोड यशस्वी असल्याने अलर्ट ट्रिगर झाला नाही.' यातले एकही अक्षर खोटे नाही. पुढच्या सोमवारी वाहतूक विभागाच्या प्रमुखांनी ती दोन पाने वाचली, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "ताई, मला एवढंच सांगा. गुरुवारी मी दहा हजारांचा टँकर पाठवला, तो चुकीचा होता का?"

दोन पानांत याचे उत्तर कुठेच नव्हते. माझ्याजवळही ते तयार नव्हते. त्यांच्यासमोरच मला ते कागदावर मांडून काढावे लागले. तेव्हा कळले की अहवाल याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा होता.

हिशेब असा होता. त्या केंद्राच्या टाक्यांत साडेदहा हजार लिटर मावते आणि टँकर दिवसातून एकदा, अकराच्या सुमारास भरतो. बुधवारी सकाळी स्क्रीनवर मंगळवारचे ९,७८० दिसायला हवे होते, दिसले ९,६४०. दोन्ही आकडे दहा हजारांच्या आत. म्हणजे बुधवारचा निर्णय शिळ्या आकड्यावर घेतला गेला, तरी बरोबर होता. प्रत्यक्षात त्या दिवशी १०,१२० लिटर आले आणि १२० लिटर टाकीत राहिले. हे स्क्रीन ताजी असती तरी झाले असते.

गुरुवारी स्क्रीनवर बुधवारचे १०,१२० दिसले असते, तर बारा हजारांचा टँकर गेला असता. दिसले ९,६४०, गेला दहाचा. त्या दिवशी १०,२६० लिटर आले. शिल्लक वाढून ३८० झाली. शुक्रवारी सकाळपर्यंत आणखी १०,४४० लिटर आले. एकूण १०,८२० लिटर, जागा साडेदहा हजारांची. ३२० लिटर बाहेर, म्हणजे चाळीस लिटरचे आठ कॅन.

नेमका शुक्रवारी टँकर उशिरा, दीडला पोचला. सकाळी साडेसातपासून ते आठ कॅन केंद्राच्या ओट्यावर, ओले गोणपाट पांघरून उभे होते. टँकर आल्यावर तिथल्या केमिस्टने प्रत्येक कॅनमधले थोडे दूध परीक्षानळीत घेऊन उकळत्या पाण्यात धरले. चांगले दूध तसेच पातळ राहते. आंबू लागलेले असेल तर काचेला बारीक गुठळ्या चिकटतात. पाच नळ्या स्वच्छ राहिल्या, तीन चिकटल्या. १२० लिटर दूध ओतून द्यावे लागले. उरलेले हलवायला संध्याकाळी एक छोटा टँकर जादा पाठवावा लागला. दूध आधीच मोजून, फॅट काढून स्वीकारलेले होते, त्यामुळे शेतकऱ्यांच्या पैशांना धक्का लागला नाही. त्यांच्या गोठ्यातल्या कष्टाचा भाग मात्र गटारात गेला. मला या प्रकरणातली सगळ्यात लागलेली गोष्ट हीच.

आणि तरीही शुक्रवारी कोणाला स्क्रीनचा संशय आला नाही. वाहतूक विभागाला वाटले, या एका केंद्रावर आज अचानक जास्त दूध आले असेल. शनिवारी सकाळी पुन्हा ९,६४० दिसले, पण टँकर ठरायच्या आधीच केंद्रप्रमुखांनी रजिस्टरचे पान उलटले.

प्रमुखांना मी सांगितले, "बुधवारचा तुमचा निर्णय बरोबर होता. गुरुवारचा आणि शुक्रवारचा वेगळा झाला असता." त्यांनी मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: "आणि बाकीची दहा केंद्रं?" मग सगळाच हिशेब केला. चार सकाळी आणि अकरा केंद्रे, म्हणजे चव्वेचाळीस निर्णय. खऱ्या आकड्यांवर ते पुन्हा घेऊन पाहिले. पाच बदलले असते. दोन या केंद्राचे, तीन इतरत्र. त्या तीन ठिकाणी शिल्लक दूध टाक्यांत मावले आणि नुकसान झाले नाही. या हिशेबाला एक दिवस लागला, दुरुस्तीच्या कितीतरी पट. पण प्रमुखांना जे हवे होते ते यातच होते. शिळ्या आकड्यावर घेतलेला प्रत्येक निर्णय चुकीचा नसतो, आणि चुकलेल्या प्रत्येक निर्णयातून नुकसान होत नाही. हे तीन ढीग वेगळे करून दिले नाहीत, तर वाचणारा एक तर सगळ्या आठवड्यावर संशय घेतो किंवा सगळेच झटकून टाकतो.

दुसऱ्या मसुद्याचा पहिला परिच्छेद असा झाला:

'बुधवार ४ ते शनिवार ७ डिसेंबर, या चार सकाळी डॅशबोर्डवरचे "कालचे संकलन" हे सोमवार २ डिसेंबरचे होते. विक्री आणि दूधबिलाचे आकडे बरोबर होते. या काळातल्या ४४ टँकर-निर्णयांपैकी ५ खऱ्या आकड्यांवर वेगळे झाले असते. त्यातून एका केंद्रावर १२० लिटर दूध खराब झाले आणि एक जादा फेरी करावी लागली. शनिवारी दुपारी चारनंतरचे सर्व आकडे, मागच्या चार दिवसांसह, बरोबर आहेत.'

यातल्या दुसऱ्या वाक्यावर मी अडून बसले होते. काय बिघडले ते सगळेच लिहितात. काय बिघडले नाही ते लिहिले नाही, तर लेखा विभाग पुढचे दोन दिवस दूधबिले तपासत बसतो. शेवटचे वाक्यही तसेच गरजेचे. त्या आठवड्याचे अहवाल कोणी आधीच छापून ठेवले असतील, तर ते फेकायचे की ठेवायचे, हे त्याला कळायला हवे. फाइलच्या नावाची गोष्ट दुसऱ्या पानावर गेली, चार ओळींत.

अशा परिच्छेदाचा सार्वजनिक नमुना २०२० सालच्या इंग्लंडमध्ये सापडतो. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर केले की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविडबाधित रोजच्या आकड्यांत धरले गेले नव्हते. प्रयोगशाळांकडून आलेल्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतल्या जात होत्या. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि त्याहून जास्तीच्या ओळी गुपचूप गळून पडल्या. तिथेही काही कोसळले नव्हते. पण लोकांना सगळ्यात उपयोगी पडली ती एक माहिती, की बाधित व्यक्तींना स्वतःचा निकाल वेळेत कळला होता. अडले ते त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधण्याचे काम. कुठे धावायचे ते एवढ्यावरून ठरते.

आता दोष कोणाचा, याबद्दल. फाइलचे नाव बदलणार असल्याची ई-मेल त्या कंपनीने दोन दिवस आधी पाठवली होती. ती ज्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर गेली, तो नोकरी सोडून गेला होता. बैठकीत दोघा-तिघांना त्याचे नाव अहवालात हवे होते. मी ते घातले नाही, आणि त्यासाठी थोडे भांडलेही. अमेरिकेतल्या एट्सी या कंपनीतले जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली कोणालाही आरोपी न करता अपघाताची चौकशी कशी करावी यावर लिहिले, आणि २०१६ साली आलेल्या गुगलच्या अभियंत्यांच्या पुस्तकातून ती पद्धत जगभर पसरली. मला ती पटते ती भलेपणासाठी नाही. नाव लिहिले की चौकशी तिथेच थांबते. नाव खोडले की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: एवढी महत्त्वाची सूचना एकाच माणसाच्या पत्त्यावर का जात होती? आणि ती कोणीच वाचली नाही, तरी प्रोग्रॅमला स्वतःहून शंका का आली नाही? अहवालात हे दोनच प्रश्न ठेवले. आता सूचना विभागाच्या सामायिक पत्त्यावर येते, तिघे जण ती पाहतात.

दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ लागला. 'प्रोग्रॅम चालला का?' हे तपासणे सोडून 'दूध कुठल्या तारखेचे आहे?' हे तपासायला सुरुवात केली. त्यासाठी एक ओळ पुरते:

```
SELECT MAX(tarikh) FROM sankalan;
```

कोठारातली सर्वांत अलीकडची तारीख कोणती, एवढेच ती विचारते. सकाळी पावणेआठला याचे उत्तर कालच्या तारखेपेक्षा मागचे आले, तर आम्हाला फोन वाजतो आणि डॅशबोर्डवरची संकलनाची चौकट राखाडी होते. आकडा पूर्ण झाकला जातो. यावर वाद झाला. वाहतूक विभागाला जुना का होईना, आकडा हवा होता. काहीच नसण्यापेक्षा बरा, असे त्यांचे म्हणणे. मी आठ कॅनची आठवण करून दिली. शेवटी ठरले की चौकटीत आकड्याऐवजी अकरा केंद्रांचे फोन नंबर दिसतील. 'कालचे संकलन' हे शब्द गेले, तिथे तारीख आणि वार आला. 'शेवटचे अद्यतन' गेले. एकूण आकडा शेवटच्या लिटरपर्यंत छापला जाऊ लागला.

ही तपासणी काय पकडणार नाही, तेही अहवालात लिहिले. फाइल आली पण तिच्यात अकराऐवजी दहाच केंद्रे असली, तर सर्वांत अलीकडची तारीख कालचीच निघेल आणि चौकट हिरवी राहील. म्हणून किती केंद्रांच्या नोंदी आल्या, तो आकडाही तारखेशेजारी दिसतो: '११ पैकी ११'. एखाद्या केंद्राचा वजनकाटाच चुकत असेल, तर मात्र यातले काहीच उपयोगाचे नाही. ते रजिस्टर, केमिस्ट आणि टँकरवाल्याचे काम.

जानेवारीत एका सकाळी फोन वाजला. त्या कंपनीचा सर्व्हर रात्री बंद पडला होता आणि फाइल तयारच झाली नव्हती. मी वाहतूक विभागात पोचले तेव्हा स्क्रीनवर राखाडी चौकट होती आणि दोघे जण फोन लावत होते. एकाने वहीच्या पाठच्या पानावर अकरा ओळी आखल्या होत्या. पलीकडून आकडा सांगितला की हा लिहायचा, मोठ्याने परत वाचायचा, आणि पुढच्या नंबरला लागायचा. सव्वाआठला अकराही ओळी भरल्या. टँकर रोजच्या वेळेला निघाले. फाइल दहा वाजून वीस मिनिटांनी आली.